पैसे गेले, पावती नाही: प्रवेश गेला का?

“मॅडम, फी ऑनलाइन भरली, दादाच्या खात्यातून पैसे कापले गेले, पण पावती आली नाही. वर्गातल्या सगळ्यांना आयकार्ड मिळालं, कॉलेजचा ईमेल मिळाला. मेंटॉरच्या यादीत माझं नावच नाही. माझं ॲडमिशन रद्द झालं का? घरी अजून सांगितलं नाही.”

नाही, यावरून प्रवेश रद्द झाला असं ठरत नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आलेली ही मुलगी अक्कलकोट तालुक्यातून रोज एसटीने सोलापूरला येते. परिचय सप्ताहाचे पहिले दिवस तिने या खिडकीवरून त्या खिडकीवर जाण्यात घालवले. आयकार्डवाले म्हणाले रोल नंबर आण, ऑफिस म्हणालं पावती आण, संगणक विभाग म्हणाला यादीत नाव नाही. तिला वाटलं, चार ठिकाणी चार अडचणी आहेत. प्रत्यक्षात अडकलं होतं एकाच जागी. पावती तयार झाली की प्रवेश पक्का होतो, मग रोल नंबर पडतो, आणि त्याच यादीवरून आयकार्ड, ईमेल आणि मेंटॉरचे गट ठरतात. तिच्या कॉलेजात क्रम असा होता. इतरत्रही साधारण असाच असतो. त्यामुळे बाकीच्या खिडक्या सोडून आधी पावतीकडे वळायला सांगितलं.

ती सायबर कॅफेतून पुन्हा फी भरायला निघाली होती. ते सगळ्यात आधी थांबवलं. दोनदा भरलेली फी परत मिळायला अर्ज, मंजुरी आणि बराच काळ लागतो. आधी दोन गोष्टी पाहायच्या: यूपीआय ॲपमध्ये तो व्यवहार यशस्वी दिसतो का, आणि कॉलेजच्या पोर्टलवर काय दिसतं. दोन्हीकडे अयशस्वी असेल आणि तरी पैसे गेले असतील, तर ते बहुधा आपोआप परत येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे संस्थेला यूपीआयने केलेला असा फसलेला व्यवहार ५ दिवसांत उलटवायचा असतो; त्यापुढे बँकेला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हिच्या ॲपमध्ये मात्र व्यवहार यशस्वी होता, पोर्टलवर ‘Pending’. म्हणजे पैसे पुढे गेले होते, पण पैसे कापल्यावर पान पोर्टलवर परत येण्याआधीच तिने ते बंद केल्यामुळे नोंद जुळली नव्हती. अशा वेळी पैसे परत येण्याची वाट पाहत बसून उपयोग नसतो, लेखा विभागाला नोंद जुळवावी लागते.

त्यासाठी तिने अर्ज लिहिला: प्रवेश अर्ज क्रमांक, बारावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे नाव, वर्ग, रक्कम, तारीख, वेळ, पैसे कोणाच्या खात्यातून गेले ते, आणि ॲपमध्ये दिसणारा १२ अंकी यूटीआर क्रमांक. सोबत बँक स्टेटमेंटचं ती नोंद असलेलं पान. फक्त स्क्रीनशॉट दाखवून काम होत नाही, कारण क्लार्कला बँकेच्या यादीत तो क्रमांक शोधायचा असतो. अर्जाच्या दोन प्रती काढून एकीवर आवक शिक्का घ्यायला लावला.

खरी अडचण खिडकीवर बोलण्याची होती. घरी कन्नड, त्यात मागे रांग. तिचा आवाजच फुटत नव्हता. म्हणून एक वाक्य कागदावर लिहून पाठ केलं: “सर, पेमेंट झालंय, पावती निघाली नाही, हा यूटीआर आहे, एवढं तपासून द्याल का?” ती एकटीच गेली. दुसऱ्या दिवशी नोंद जुळली, पावती निघाली.

दरम्यान वर्ग चुकवायचे नव्हते. हजेरीची अट बहुतेक ठिकाणी ७५ टक्के असते आणि रोल नंबर नसला तरी तासांची मोजणी सुरू होते. विभागप्रमुखांना शिक्क्याची प्रत दाखवल्यावर त्यांनी तिचं नाव तात्पुरत्या हजेरीत घेतलं, आणि तिला एका मेंटॉरकडे दिलं. वेळापत्रकातली एक चूक मेंटॉरनीच पकडली: दुसऱ्या शाखेतून निवडलेला तिचा खुला वैकल्पिक विषय आणि रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक एकाच वेळी येत होते. प्रात्यक्षिकाची बॅच बदलून प्रश्न सुटला. हे पहिल्या आठवड्यात सोपं असतं, बॅचेस भरल्या की अवघड.

ईमेल यादीत आला, तरी तिला उघडेना. गुणपत्रिकेत आडनाव आधी, म्हणून पत्त्यातही आडनाव आधी होतं. शिवाय पासवर्ड बदलण्याचा ओटीपी प्रवेश अर्जातल्या, म्हणजे दादाच्या मोबाइलवर जात होता. आधी तो क्रमांक बदलून घेतला, मग पासवर्ड.

पावती हातात आली की नाव, वर्ग, शैक्षणिक वर्ष आणि फीचा तपशील तिथेच तपासा. महाडीबीटीच्या शिष्यवृत्ती अर्जाला हीच पावती जोडावी लागते. त्यात अनामत रक्कम दाखवली असेल तर कॉलेज सोडताना ती परत मागायलाही मूळ पावती लागते, म्हणून दोन झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत घरी ठेवा. आयकार्डाला उशीर होणार असेल तर ऑफिसकडून बोनाफाईड मागा आणि एसटीच्या सवलतीच्या पाससाठी ते चालेल का, हे आगारात विचारा.