व्हीआर हेडसेट: लॅपटॉपचं पोर्ट आणि पलंगाशेजारची जागा

प्रश्न: "गेमिंग लॅपटॉप आहे. स्टँडअलोन हेडसेट घ्यावा की पीसीला जोडायचा? खोली १० बाय १० फूट, त्यात पलंग."

"गेमिंग लॅपटॉप" वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. मीही लॅपटॉपसाठीच केबलवाला हेडसेट घेतला होता. विक्रेत्याच्या मदतकक्षाने लेखी कळवलं, "ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे, चालेल." प्रत्यक्षात हेडसेटमध्ये काळा पडदा. मग ड्रायव्हर बदला, विंडोज नव्याने टाका, फोटो पाठवा, असं त्यांनी परत करण्याची मुदत उलटेपर्यंत झुलवलं. चित्र नेमकं कुठल्या पोर्टातून बाहेर पडतं, हे एकानेही विचारलं नाही. त्याचा राग अजून आहे.

गोम अशी की बऱ्याच लॅपटॉपमध्ये बाहेरचं पोर्ट मुख्य ग्राफिक्स कार्डाला जोडलेलंच नसतं, ते प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सला जोडलेलं असतं. व्हॉल्व्ह इंडेक्ससारख्या हेडसेटला मुख्य कार्डातून येणारं डिस्प्लेपोर्ट लागतं. नुसतं एचडीएमआय असेल तर साध्या अडॅप्टरने भागत नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्या पोर्टाला मॉनिटर लावा आणि NVIDIA Control Panel मध्ये Configure Surround, PhysX हे पान उघडा. मॉनिटर कुठल्या चिपला जोडलाय ते तिथल्या आकृतीत दिसतं. हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

माझं मत विचाराल तर तुम्ही क्वेस्ट ३ सारखा स्टँडअलोन, म्हणजे पीसीशिवाय स्वतःच चालणारा हेडसेट घ्या. तो पीसीलाही जोडता येतो आणि तेव्हा चित्र यूएसबी किंवा वायफायवरून येतं, त्यामुळे वरची भानगडच उरत नाही. चित्र दाबून पाठवलं जातं, म्हणून अंधाऱ्या दृश्यांत किंचित फुटतं. विमान किंवा मोटार चालवण्याचे गेम तासन्‌तास खेळणाऱ्यांनी माझं ऐकू नये, त्यांना डिस्प्लेपोर्टचा केबलवाला हेडसेटच बरा. वायफायवर खेळताना मात्र लॅपटॉप राउटरला केबलने जोडा.

आता जागा. फिरून खेळायला साधारण २ बाय २ मीटर, म्हणजे साडेसहा फूट मोकळे लागतात. तुमच्या खोलीत ४ फूट रुंदीचा पलंग भिंतीला लावला तर ६ फुटांची पट्टी उरते. हात दोन्ही बाजूंना पसरले, त्यात कंट्रोलर धरले की ती तिथेच संपली. हेडसेटमध्ये खेळायच्या जागेची सीमारेषा आखायची असते, तिच्याजवळ गेलात की इशारा दिसतो. ती भिंतीला चिकटून आखू नका. जोरात फिरवलेला हात इशारा दिसायच्या आत भिंतीवर आपटतो. दोन्हीकडून फूटभर सोडा. उरलेल्या चार फुटांत एका जागी उभं राहून किंवा बसून खेळायचे गेम ठीक. पुढे झेपावण्याचे नकोत, निदान या खोलीत तरी.

सीमा जमिनीवर आखली जाते, डोक्यावरचा दिवा तिला कळत नाही. हात उंच करून आधी अंदाज घ्या. पायाखाली छोटी चटई टाका, सरकलात की तळव्याला कळतं. आणि हेडसेट खिडकीत कधीच ठेवू नका. भिंगांतून ऊन आत गेलं की पडद्यावर कायमचे डाग पडतात.