ऑफसाइड पाहायचं तर पास देणाऱ्याचा पाय पाहा

भाऊ, पहिल्यांदा फुटबॉलची मॅच पाहणारा बॉलच्या मागं पळत राहतो, म्हणून बाजूच्या पंचाचा झेंडा का वर गेला ते त्याला समजत नाही. ऑफसाइड ठरतं ते सोबत्यानं बॉल मारला त्या क्षणी, बॉल मिळाला तेव्हा नाही.

समज, नऊ नंबरवाला समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात आहे. त्याच्यापुढं फक्त गोलकीपर, शेवटचा डिफेंडर हातभर मागं, बॉल त्याहून मागं. तेवढ्यात सोबत्यानं लांब पास मारला. नऊ नंबरनं तो घेतला की ऑफसाइड, गोल झाला तरी रद्द. तोच गडी पास सुटताना डिफेंडरच्या रेषेत असता अन् मग वाऱ्यासारखा पुढं गेला असता, तर गोल पक्का. बरोबरीत असणं चालते. हात मात्र मोजत नाहीत.

नुसतं पुढं उभं राहणं गुन्हा नाही. खेळात भाग घेतला तरच शिट्टी. थ्रो-इन, कॉर्नर अन् गोल-किकवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतेच.

आपल्याकडं सगळे गोलमागच्या निंबाच्या सावलीत बसतात. तिथून काहीच कळत नाही बाप्पा! बाजूच्या रेषेवर, शेवटच्या डिफेंडरच्या सरळ रेषेत उभा राहा.