वास गेला, गारवा राहिला

प्रश्न: आईला (वय ६२) दिवाळीच्या आसपास ताप-सर्दी झाली, तेव्हापासून वासच येत नाही. फोडणी करपली तरी कळत नाही. पण नाकापाशी बाम नेला की म्हणते, "गार लागस, पन वास येत नही." कापूर आणि निलगिरीच्या तेलाचंही तसंच. म्हणजे वास परत यायला लागलाय का, की नुसता भास? (चोपडा, जि. जळगाव)

उत्तर:

भास नाही. पण वास परत येतोय याची ती खूणही नाही. तुमच्या आईंनी एका वाक्यात जे सांगितलं, ते मला जळगावात फार्मसीच्या मुलांना समजावून सांगायला एक अख्खा तास लागतो.

नाकातून मेंदूकडे दोन वेगळ्या नसा बातमी नेतात. पहिली वासाची. तिच्या पेशी नाकपुडीत बोट जाईल तिथे नसतात, त्या पार वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या छताला जेमतेम काही चौरस सेंटीमीटर जागेत असतात. माणसात या पेशींवर वासाचे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक, म्हणजे वासाचे रेणू पकडणारी प्रथिनं, असतात. एक पेशी साधारण एकाच प्रकारचा ग्राहक बाळगते, पण एक वास अनेक ग्राहकांना कमीजास्त जागं करतो आणि एक ग्राहक अनेक वासांना दाद देतो. पेटीच्या ठरावीक पट्ट्या एकदम दाबल्या की त्यातून एक सूर-समूह उमटतो, तसं कुठले ग्राहक एकत्र जागे झाले यावरून मेंदू 'हा गुलाब', 'ही कॉफी' असं ओळखतो. या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये जाहीर केला आणि २००४ चं नोबेल त्यांना मिळालं.

दुसरी नस म्हणजे ट्रायजेमिनल, चेहऱ्याची मोठी संवेदना-नस. कपाळ, डोळ्याचं बुबुळ, नाकाचं आतलं अस्तर, हिरड्या, जिभेचा पुढचा भाग, सगळीकडे तिच्याच शाखा. तिला वास म्हणजे काय ते माहीत नाही. तिला कळतं ते गार, गरम, स्पर्श, टोचणं, झोंबणं. दाढदुखी तीच सांगते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी तिच्यामुळे येतं, आणि नंदुरबारच्या मिरची बाजारात शिरल्या शिरल्या ज्या शिंका येतात त्याही तिच्यामुळेच. वास पूर्ण गेलेला माणूस तिथे उभा केला तर तोही शिंकेल.

तुमच्या आईंची बहुधा पहिली वाट बिघडली आहे, दुसरी शाबूत आहे. मोठ्या सर्दीनंतर किंवा कोविडनंतर विषाणूचा घाला नाकाच्या छतावरच्या त्या छोट्या पट्ट्यावर पडतो. ट्रायजेमिनलची टोकं मात्र नाकभर पसरलेली असतात, ती सहसा वाचतात. बाम नेला की तीच बोलतात.

आता गार का लागतं. बामात मेंथॉल असतं, म्हणजे आपल्याकडे दुकानात 'पुदिन्याचं फूल' म्हणून मिळतात ते पांढरे स्फटिक. या नसेच्या काही टोकांवर टीआरपीएम८ नावाचं एक प्रथिन असतं. ते एक दारच आहे. तापमान साधारण २६ अंश सेल्सियसच्या खाली उतरू लागलं की ते उघडतं, सोडियम आणि कॅल्शियमचे भारित कण आत शिरतात, नस पेटते आणि मेंदूला 'थंड' असा निरोप जातो. मेंथॉलचे रेणू याच दारावर येऊन बसतात आणि ते उघडण्याची मर्यादा वर सरकवतात. नाकाच्या आतलं अस्तर साधारण ३० ते ३४ अंशांवर असतं. एरवी इतक्या तापमानाला हे दार बंद राहतं. मेंथॉल आलं की तेवढंच तापमान त्याला 'थंड' वाटतं आणि ते उघडतं. नाक एका अंशानेही गार झालेलं नसतं. मेंदूपर्यंत पोचलेला निरोप मात्र खऱ्या थंडीचाच असतो, कारण त्या नसेला दुसरा कुठला निरोप देताच येत नाही. हे प्रथिन २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे शोधलं. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना मिळालं, तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहकांसाठी.

मर्यादा वर सरकते हे घरी पडताळता येतं. पेपरमिंटची गोळी चघळा आणि माठातलं पाणी प्या, बर्फाचं वाटेल. गोळी न खाता तेच पाणी प्या, नुसतं माठाचं वाटेल. मेंथॉलने पाणी गार केलं नाही, खऱ्या थंडीला नसेपुढे वाढवून मांडलं, इतकंच.

निलगिरीच्या तेलात मुख्य घटक सिनिओल. तोही हेच दार उघडतो, पण मेंथॉलपेक्षा बराच दुबळा आहे, म्हणून निलगिरीचा गारवा मेंथॉलइतका बोचरा नसतो. कापूर मात्र वेगळं प्रकरण आहे. तो थंडीच्या दाराला थोडा ढकलतो, पण टीआरपीव्ही३ नावाच्या ऊब जाणवणाऱ्या दाराला जास्त. म्हणून कापूर हुंगला की गारसर वाटतो आणि छातीला कापराचं तेल चोळलं की ऊब येते. लोक विचारतात, कापूर थंड की उष्ण? दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या जागी बरोबर आहेत. (कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल एका बाटलीत ठेवलं की तिन्ही घन पदार्थांचं मिळून पाणी होतं, तीच अमृतधारा. त्यात ही दोन्ही दारं एकदम वाजतात.)

याच गारव्यामुळे 'बाम लावला की नाक मोकळं होतं' असं वाटतं. ब्रिटनमधल्या कार्डिफला रॉन एकल्स या संशोधकाने १९८० च्या दशकात नाकातून हवा जायला किती अडथळा होतो ते यंत्राने मोजलं. मेंथॉल हुंगल्यावर लोक म्हणाले नाक सुटलं, यंत्रावर अडथळा तेवढाच. श्वास घेताना हवेने नाकाचं अस्तर गार पडतं, आणि त्या गारव्यावरूनच मेंदू ठरवतो की हवा जातेय. मेंथॉल तो गारवा फुकटात पुरवतं. सर्दीत आराम वाटतो हे खरं, पण सूज उतरत नाही.

वास कुठला आणि नसेचं काम कुठलं हे ओळखायची एक साधी परीक्षा आहे. ती आईंवर करण्याआधी स्वतःवर करा. पिळता येतील अशा दोन सारख्या प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. एकीत गुलाबपाण्यात भिजवलेला कापूस, दुसरीत कोरडा. डोळे मिटा, घरातल्या कुणाला तरी दोन्ही बाटल्यांची तोंडं एकेका नाकपुडीला लावून एकदमच हळू दाबायला सांगा. कुठल्या बाजूने आलं ते सांगा. डावी-उजवी अदलाबदल करत दहा वेळा करा. गुलाब स्पष्ट ओळखाल, पण बाजू सांगताना निम्म्या वेळा चुकाल, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. मग गुलाबपाण्याच्या जागी कापसाला किंचित बाम चोळा. आता जवळजवळ प्रत्येक वेळी बाजू बरोबर येईल. शुद्ध वासाची बाजू माणसाला सांगता येत नाही, ट्रायजेमिनलला मात्र येते, कारण तिच्यासाठी ती त्वचेवरची जागा आहे.

आईंवर तीच परीक्षा केलीत तर बामाची बाजू त्या बिनचूक सांगतील आणि गुलाबपाण्याला म्हणतील, काहीच नाही. असं झालं तर वासाचीच वाट बंद आहे असं धरा.

यातून एक काम निघतं. त्यांचा वास परतला की नाही हे तपासताना चुकीच्या वस्तू वापरू नका. बाम, कापूर, निलगिरी बाद. ओवा, लवंग, मोहरीची फोडणी, कापलेला कांदा बाद, ही सगळी नसेला डिवचतात. वेलचीही बाद, तिच्यातसुद्धा सिनिओल असतं, आणि हे फार जणांना ठाऊक नसतं. वापरायचं तर कॉफीची पूड, गुलाबपाणी, कढवलेलं तूप, भाजलेलं दाण्याचं कूट. डोळे मिटून, एका वेळी एक, मध्ये अर्धा मिनिट थांबून. वास नुसता 'आला' म्हणण्यापेक्षा कशाचा ते सांगता आलं तर खरा.

सरावासाठी डॉक्टर गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास रोज दोनदा, काही महिने हुंगायला सांगतात. त्यातल्या निलगिरी आणि लवंगेचा गारवा किंवा चरचर जाणवली म्हणून सुधारणा धरू नका. गुलाब आणि लिंबू काय म्हणतात ते बघा. वासाच्या पेशी नव्याने तयार होतात, म्हणून महिन्यांनी का होईना वास परतू शकतो. इतके दिवस झाले असतील तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. नाकात कोंब किंवा दुसरं कारण नाही ना, हे दुर्बिणीतून बघायला लागतं. त्या डॉक्टरांनी अमोनिया हुंगवला तर घाबरू नका. ती नसेचीच तपासणी असते. वास गेला असं खोटं सांगणारा माणूस अमोनियालाही 'काही नाही' म्हणतो आणि तिथेच पकडला जातो.

आई हल्ली भाजीत तिखट जास्त घालतात का, बघा. वास गेला की भरिताचा धुराचा खमंगपणा, लसणाची चव, सगळं जातं. उरतं ते जिभेचं खारट, आंबट, गोड, कडू आणि नसेचं तिखट. मग जेवणात काहीतरी जाणवावं म्हणून हात मिरचीकडे जातो. ठेच्यावर त्यांचं प्रेम अचानक वाढलं असेल तर कारण हेच असेल.

आणि सगळ्यात आधी करायचं ते हे: स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून एथिल मर्कॅप्टन मिसळलेलं असतं. ते नाकाला वासाच्या वाटेनेच कळतं, गार लागत नाही, झोंबत नाही. म्हणजे बाम ओळखणाऱ्या तुमच्या आईंना गॅस गळतोय हे कळणार नाही. शेगडीपाशी गॅस गळतीचा अलार्म बसवून घ्या. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून अलार्म फरशीपासून थोड्याच उंचीवर लावायचा, छताला नाही. रात्री झोपताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. दुधाचा, शिळ्या भाजीचा वासही दुसऱ्यानेच घ्यावा.

घरात लहान मूल असेल तर कापराच्या वड्या आणि कापूर-मेंथॉलचे बाम त्याच्या हाताला लागू देऊ नका. कापूर गिळला तर मुलांना झटके येतात, आणि तान्ह्या बाळाच्या नाकात मेंथॉल गेलं तर श्वास अडकू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाला, छातीला असे बाम लावूच नयेत.