दोन चमचे, दोघांचं कालवण

प्रश्न: मी गोरेगावला घरी डिंकाचे आणि नाचणीचे लाडू करून विकते. आमच्याच भागात असे दहाजण आहेत आणि सगळ्यांचं ‘घरगुती, शुद्ध, साजूक तुपातले’. कोर्समध्ये सांगितलं की आदर्श ग्राहक ठरवा आणि एकच वचन द्या. म्हणजे नेमकं काय करायचं? बाकीचं गिऱ्हाईक सोडायचं का? आणि इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर किती खर्च करावा?

उत्तर:

कोर्सवाल्यांनी तुम्हाला फॉर्म भरायला लावला असेल. स्त्री, वय 25 ते 45, मध्यमवर्ग, राहणार मुंबई. मीही भरला होता. त्या वर्णनात बसणाऱ्या बायका संध्याकाळच्या विरार लोकलच्या लेडीज डब्यात इतक्या असतात की आपल्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही. त्यातली कोण आपला माल घेणार, हे त्या फॉर्मवरून कोणी ओळखून दाखवावं.

मी लालबागची, मालवणी मसाला विकते. हे म्हणजे देवगडात बसून हापूस विकण्यासारखं आहे. चाळीतून खाली उतरलं की मिरची गल्ली. मिरची घ्या, गरम मसाला घ्या, तिथेच भाजून घ्या, डंकावर कुटून घ्या. एवढं सगळं दाराशी असताना माझ्याकडून कोणी का घ्यावं, हा प्रश्न पहिली चार वर्षं मला पडलाच नाही. माझ्या पाकिटावर ‘घरगुती, शुद्ध, अस्सल मालवणी’ असं छापलेलं होतं आणि मला ते पुरेसं वाटायचं.

मग एका दिवाळीआधी दादरला प्रदर्शनात टेबल घेतलं. मसाल्याची अकरा टेबलं होती. माझी मुलगी एक फेरी मारून आली आणि म्हणाली, “आई, नऊ जणींच्या पाकिटावर आपलेच तीन शब्द आहेत.” तीन दिवसांत 14 पाकिटं गेली, त्यातली सहा नातेवाइकांनी घेतली. तिथे डोक्यात प्रकाश पडला. ‘आमचा मसाला अशुद्ध आहे’ अशी पाटी कोणी लावतं का? ज्याच्या उलट बोलायला कोणीच तयार नसतं, ते बोलून तुम्ही वेगळे ठरत नाही. तुमचं साजूक तूपही त्यातच आलं. ते असायलाच हवं, पण त्याने लाडू ओळखता येणार नाही.

घरी आले तर आमचे भावोजी हजर. त्यांचं स्वतःचं किराण्याचं दुकान होतं, त्यामुळे धंद्यातलं कळतं ते फक्त त्यांनाच. म्हणाले, “वहिनी, भाव पाडा. आणि गिऱ्हाईक निवडायचं नसतं. दारात येईल तो देव.” दुकानात बसणाऱ्याला ते ठीक आहे, त्याच्या दारावरून दिवसाला हजार माणसं जातात. माझ्या तिसऱ्या मजल्यावर कोण येणार होतं? पण तेव्हा मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी उधारीची वही काढली. मी नावं लिहून ठेवते, ती सवय कामी आली. दोन वर्षांत साठेक वेगवेगळ्या लोकांनी मसाला घेतला होता. दुसऱ्यांदा घेणारे फक्त 19. मी त्या एकोणिसांना फोन लावले. माल आवडला का, असं विचारलंच नाही, कारण तोंडावर सगळे हो म्हणतात. तीन गोष्टी विचारल्या: माझ्याआधी कुठला मसाला वापरत होतात, तो का सोडला, आणि उद्या माझा मिळाला नाही तर काय करणार.

सोळा जणी बोलल्या. मला वाटलं होतं, ‘गल्लीतल्या दुसऱ्याकडून घेऊ’ असं म्हणतील. एकीनेही म्हटलं नाही. कोणी म्हणाली, गावाहून सासूबाईंचा डबा यायचा, त्या गेल्यापासून बंद झाला. कोणी दुकानातलं फिश मसाल्याचं पाकीट वापरत होती. दोघी म्हणाल्या की मग मासे बाहेरूनच मागवू. म्हणजे मी ज्या अकरा टेबलांना घाबरत होते, ती माझ्या स्पर्धेत नव्हतीच. माझी गाठ होती सासूबाईंच्या बंद झालेल्या डब्याशी.

कांदिवलीच्या एकीचं बोलणं अजून आठवतं. माहेर कोल्हापूरचं, सासर वेंगुर्ल्याचं. म्हणाली, “ताई, आमच्याकडे कांदा-लसूण मसाला. मालवणी कालवण मी लहानपणी खाल्लंच नाही, तर बरोबर झालं की नाही हे मला चवीवरून कळत नाही. सासूबाई डोळ्यांनी माप घेतात. मला कोणीतरी आकडा सांगा. आणि मागच्या वेळी दोन चमचे बरोबर झाले होते, या वेळी तेवढ्यातच जाळ झाला.”

वही पुन्हा बघितली. त्या सोळांमधल्या अकरा जणींची हीच गोष्ट होती. मालवणी घरात स्वयंपाक करायचा, पण हाताला ती सवय नाही. वय 26 पासून 50 पर्यंत, राहायला दहिसरपासून ठाण्यापर्यंत. फॉर्मच्या एकाही रकान्यात त्यांना एकत्र बसवता आलं नसतं. त्यांना एकत्र बांधणारी एकच गोष्ट होती: रविवारी सकाळी कोळणीकडून बांगडे आणलेत, ओट्यासमोर उभी आहे, आणि मसाला किती घालायचा ते माहीत नाही. माझं गिऱ्हाईक म्हणजे ती वेळ. तुम्हीही लाडवाची ती वेळ शोधा. बाळंतिणीसाठी डिंकाचा लाडू मागवणारी आई आणि ऑफिसात चार वाजता भूक लागली म्हणून नाचणीचा लाडू खाणारा मुलगा, हे दोघं एका पाकिटात मावत नाहीत.

वचन त्यातूनच निघालं: दोन चमचे, दोघांचं कालवण, दर वेळी तेच. लिहायला दोन मिनिटं लागली, पाळायला सहा महिने.

मिरचीचा तिखटपणा दर खेपेला बदलतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, हे लालबागमध्ये लहान पोराला माहीत असतं, पण एकाच नावाची मिरची दोन पोत्यांत सारखी नसते. प्रमाण ठरवून कुटलं तरी फरक पडतोच. म्हणून मी प्रत्येक खेपेतला एक डबा बाजूला ठेवायला लागले. नवीन मसाला आला की दोन वाट्यांत सारखंच नारळाचं दूध, सारखंच मीठ, एकीत जुना मसाला आणि एकीत नवा. कुठली वाटी कुठली ते न सांगता मुलीला चाखायला द्यायचं. तिला फरक कळला तर माल विकायचा नाही. जास्त तिखट असेल तर थोडी ब्याडगी वेगळी कुटून त्यात मिसळायची आणि पुन्हा चाखायचं. मुलगी वैतागते, तो भाग वेगळा.

मे महिन्यात वर्षाचा मसाला एकदम कुटणंही बंद केलं. मिरच्या मेच्या उन्हात कडकडीत वाळवून अख्ख्याच डब्यात भरून ठेवते आणि लागेल तशा दर महिन्याला भाजून कुटून आणते. कुटलेल्या मसाल्याचा वास अख्ख्या मिरचीपेक्षा लवकर उडतो. वास उडाला की बाई तिसरा चमचा घालते आणि माझं वचन मोडतं.

किलोचं पाकीटही गेलं. दोन चमचे म्हणजे साधारण पाच ग्रॅम. म्हणजे किलोभरात 200 वेळा कालवण. आठवड्यात दोनदा मासे खाणाऱ्या दोघांना ते जवळजवळ दोन वर्षं पुरतं, तोवर त्याचा भुसा होतो. आता 100 ग्रॅमचा डबा, त्यात 20 कालवणं. आधी किलोला 800 घ्यायचे, आता 100 ग्रॅमला 130 घेते. भावोजींनी भाव पाडायला सांगितला होता, हे इथे मुद्दाम नोंदवते.

तरीही पहिल्याच महिन्यात तक्रार आली. “दोन चमचे घातले, मुलं रडली.” मी अर्धी रात्र झोपले नाही. सकाळी तिला म्हटलं, चमच्याचा फोटो पाठवा. पोहे खायचा चमचा होता! मी मिसळणाच्या डब्यातला छोटा धरून चालले होते. तेव्हापासून प्रत्येक डब्यात पाच मिलीचा प्लास्टिकचा चमचा टाकते, आणि वचनात ‘डब्यातल्या चमच्याने’ हे शब्द आले. तुम्ही जे काही वचन द्याल ते गिऱ्हाइकाच्या घरात, गिऱ्हाइकाच्या भांड्यात मोजलं जाणार आहे, हे लिहितानाच ध्यानात घ्या.

बसतंय की नाही हे कसं कळलं म्हणाल, तर व्हॉट्सअ‍ॅपवरून. आधी पहिला मेसेज असायचा ‘किलोला काय भाव?’. नंतर यायला लागला ‘मटणाला किती चमचे?’. भाव विचारणारे कमी झाले की समजावं, आपलं बोलणं योग्य माणसापर्यंत जातंय.

आता बाकीच्या गिऱ्हाइकाचं. आमच्या चाळीतल्या जुन्या बायका गेल्या. “फार मिळमिळीत करतेस गं आता,” म्हणाल्या. खरं आहे, त्यांच्या जिभेला तो मिळमिळीतच. त्यांना चमचा नको, माप नको, त्या माझ्याहून उत्तम मसाला स्वतः कुटून घेतात. त्यांना खूश करायला तिखटपणा वाढवला असता तर कांदिवलीची गेली असती. गणपतीला गावी सगळ्यांसमोर भावोजी म्हणाले, “वहिनींनी घरचंच गिऱ्हाईक घालवलं.” हो, घालवलं. त्या वर्षात दोनदा घ्यायच्या, तेही उधार.

पण एक सांगायला हवं, नाहीतर माझ्या भरवशावर तुम्ही फसाल. मे महिन्यातल्या पाच-पाच किलोच्या ऑर्डरी बंद झाल्या तेव्हा माझी वर्षाची निम्मी कमाई गेली होती आणि ती भरून यायला दीड वर्ष लागलं. तोवर घर नवऱ्याच्या पगारावर चाललं. तुमचं घर लाडवांवरच चालत असेल तर जुनं गिऱ्हाईक एकदम सोडू नका. ऑर्डर आली तर करून द्या, फक्त पाकिटावर आणि स्टेटसवर त्यांच्यासाठी काही लिहू नका. शिवाय 19 माणसं म्हणजे काही फार नव्हेत, माझा अंदाज चुकूही शकला असता. तुमच्याकडे पुन्हा येणारे पाच-सहाच असतील तर आधी आणखी विका, मग फोन करा. आणि नाचणी आहे म्हणून ‘शुगरवाल्यांसाठी’ असलं वचन अजिबात देऊ नका. लाडवात गूळ आहे, उद्या कोणाची साखर वाढली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

इन्स्टाग्रामचं मला विचारू नका, ते मुलगी बघते. गेल्या महिन्यात तिथून पुण्याची एक ऑर्डर आली, सहा डबे. पत्ता वाचला तर भावोजींच्या सुनेचा. पैसे पूर्ण घेतले.