पाण्यावर एकच पर दिसतोय: शार्क, पाकट की डॉल्फिन?

प्रश्न: आम्ही सिंदेवाहीकडचे. सहलीत तारकर्लीला बोटीतून फोटो काढले. एकात पाण्यावर एकच काळा पर आहे, मागे थोडी पाठ दिसते. पुढच्या फोटोत नुसतं पाणी. घरचे म्हणतात शार्क, नाववाला म्हणाला डॉल्फिन. पाकटही असू शकतो का? कसं ओळखायचं?

उत्तर: मी रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकलो, आता गोंदियाकडे तलावांवर काम करतो. इकडे समुद्राचे फोटो दाखवायला माझ्याकडेच येतात. बहुतेक जण पराचं टोक बघतात. तिथेच फसगत होते, कारण शार्कचा (कोकणात मुशी म्हणतात) परही मागे झुकलेला असू शकतो आणि डॉल्फिनचाही.

तुम्ही पराचं बूड बघा. फोटो मोठा करून पर पाठीला कुठे मिळतो ते शोधा. शार्कच्या पराचा मागचा खालचा कोपरा पाठीपासून सुटा असतो, त्यामुळे तिथे छोटी खाच दिसते. डॉल्फिनचा पर मात्र पाठीतूनच वर आलेला, मागची कड सलग उतरत पाठीत मिसळते. किनाऱ्याजवळच्या पाठीवर कुबड असलेल्या डॉल्फिनमध्ये तर आधी लांबट उंचवटा आणि त्यावर छोटासा पर असतो. तुमच्या फोटोत असा उंचवटा असेल तर वाद संपला.

मग पराच्या मागे बघा. शार्कची शेपटी उभी असते, पाण्यात डावी-उजवी हलते. ती पृष्ठभागाजवळ पोहत असेल तर पराच्या मागे, त्याच रेषेत, शेपटीचं टोकही कधी वर येतं. डॉल्फिनची शेपटी आडवी, वर-खाली हलते. पोहताना पराच्या मागे असं उभं टोक दिसत नाही.

पाकटाला शक्यता कमीच देईन. त्याच्या पसरट पंखाचं टोक वर येतं ते पातळ, पळसाच्या ओल्या पानाच्या कडेसारखं वळलेलं, आणि बहुतेकदा खालची बाजू पांढरी. जवळच शेजारी दुसरं टोक आलं तर पाकटच. दोन टोकं मागे-पुढे नसून शेजारी-शेजारी असतात. शिवाय त्याला पाठ अशी दिसत नाही, तुमच्या फोटोत मात्र आहे.

आता पुढच्या रिकाम्या फोटोबद्दल. डॉल्फिन श्वासासाठी वर येतो, पाठ कमानीसारखी फिरवतो आणि लगेच खाली जातो, तेव्हा हे जुळतं. पण शार्कही खाली जाऊ शकते, म्हणून एवढ्यावर निकाल देणार नाही. पाठ गोल वळलेली दिसते का बघा. पर एकाच उंचीवर सरळ पाणी कापत गेलेला असेल तर घरच्यांचं खरं मानायला जागा आहे.

आत्ताचा माझा कल डॉल्फिनकडे आहे, बुडाशी खाच नसेल तर. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत ती खाच पुसून जाते, मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. नुसतं टोकच वर असेल आणि बूड पाण्याखाली, तर त्या एका फोटोवरून मीही सांगू शकणार नाही.