बारा सेशनपैकी पाच ऐनवेळी रद्द झाली, फी कापता येईल का?

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात पेशंटच्या घरी जाऊन उपचार करते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींसाठी त्यांच्या मुलाने १२ सेशनचे १०,८०० रुपये आगाऊ भरले. पैसे घेण्याआधी मी व्हॉट्सॲपवर नियम पाठवला होता : "सेशन किमान १२ तास आधी रद्द करावं. त्यानंतर रद्द केल्यास त्या सेशनची पूर्ण फी धरली जाईल." त्यावर त्यांनी अंगठा दाखवला आणि पैसे पाठवले. आतापर्यंत सहा सेशन झाली आणि पाच ऐनवेळी रद्द झाली. एकदा आजींना ताप होता, बाकी वेळा पाहुणे, मीटिंग, विसरलो. पहिल्या चारही वेळी मी "काही हरकत नाही" असं लिहिलं. पाचव्या वेळी मी सोसायटीच्या गेटवर पोचले तेव्हा, पाचला दहा मिनिटं असताना मेसेज आला. मी फक्त "ओके" लिहिलं. मी ही पाचही सेशन धरू शकते का? वकिलाची नोटीस पाठवू का? गोड बोलून उपयोग होत नाही आणि भांडायचंही नाही.

उत्तर : ताई, नोटीस नको. तुमच्या हातात नोटिशीपेक्षा जास्त उपयोगी गोष्ट आहे : पैसे देण्याआधी वाचलेला आणि मान्य केलेला नियम. कराराला सही-शिक्क्याचा कागदच लागतो असं नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार होकार शब्दांतून देता येतो तसा वागण्यातूनही देता येतो. नियम पाठवला, त्यावर अंगठा आला आणि त्यानंतर पैसे आले, या क्रमाने तुमची अट कराराचा भाग झाली. हाच नियम तुम्ही पैसे घेतल्यावर, तिसऱ्या सेशनला पाठवला असतात, तर मी तुम्हाला इतक्या ठामपणे सांगू शकलो नसतो. तो मेसेज, अंगठा आणि पैसे आल्याची नोंद फोनमध्ये जशीच्या तशी राहू द्या. नुसत्या स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका, मूळ चॅट पुसू नका.

आता पाचपैकी किती? माझं उत्तर आहे एक.

पहिल्या चार वेळी "काही हरकत नाही" लिहून तुम्ही तुमचा हक्क सोडलात. त्याच कायद्याचं कलम ६३ सांगतं की ज्याला येणं आहे तो ते पूर्ण किंवा अंशतः सोडून देऊ शकतो, आणि त्यासाठी त्याला बदल्यात काही मिळायलाच हवं असंही नाही. तुम्ही चांगुलपणाने सोडलंत, समोरच्याने ते तसंच घेतलं. दोन महिन्यांनी ती चार सेशन उकरून काढली तर कायदाही तुमच्या बाजूने उभा राहणार नाही आणि समोरच्यालाही ते फसवल्यासारखं वाटेल. एकदा तर आजींना खरोखर ताप होता. तापात व्यायाम करून घेणं तुम्हालाच पटलं नसतं, त्याची फी तर मुळीच धरू नका.

पाचव्या वेळची गोष्ट वेगळी. "ओके" म्हणजे "रद्द झाल्याचं कळलं". "फी सोडली" असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पण तुमच्या आधीच्या चार उत्तरांमुळे समोरच्याने ते तसं वाचलं असणार, याची जाणीव ठेवून लिहा. मेसेजमध्ये चार सोडल्याचं स्पष्ट म्हणा, पाचवं धरल्याचंही स्पष्ट म्हणा आणि इथून पुढे काय होईल तेही सांगा. चार वेळा सोडलं म्हणून नियम मेला असं होत नाही. मात्र सवलतीची सवय लावल्यावर एकदम कडक होण्याआधी तसं कळवणं, यात न्याय आहे.

फी किती धरायची, हा मुद्दा माझ्याकडे येणारे बहुतेक व्यावसायिक गाळून टाकतात. "नियमात लिहिलंय ना पूर्ण फी?" एवढ्यावर ते थांबतात. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालापासून हेच सांगितलं आहे, आणि २०१५ च्या कैलाशनाथ प्रकरणात आगाऊ ठेवलेली रक्कम जप्त करण्याच्या संदर्भात ते पुन्हा ठासून मांडलं : नुकसानच झालं नसेल तर रक्कम ठेवून घेता येत नाही. म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारा. त्या संध्याकाळी पाच वाजता तुमचं काय गेलं? तुम्ही गेटवर होता, म्हणजे जाण्या-येण्याचा वेळ आणि पेट्रोल दोन्ही गेलं. ती वेळ दहा मिनिटांत दुसऱ्या कुणाला देणं शक्य नव्हतं. अशा वेळी पूर्ण ९०० रुपये वाजवी आहेत. त्या दिवसाच्या पाचच्या वेळेसाठी तुम्ही आणखी कुणा पेशंटला "जागा नाही" असं कळवलं असेल, तर तो मेसेज जपून ठेवा. नुकसान दाखवायला त्यापेक्षा चांगला पुरावा नाही.

उलट, उद्या त्यांनी सकाळी नऊला कळवलं, तुम्ही घरून निघालाच नव्हता आणि पाचची वेळ दुसऱ्या पेशंटला मिळाली, तर १२ तासांचा नियम मोडला असला तरी ती फी धरू नका. एकाच तासाचे दोघांकडून पैसे घेणं समर्थनीय ठरणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये, नुकसानाच्या मानाने अगदीच अवाजवी दंड लावणारी अट 'अनुचित करार' मानली जाते. पैसे तुमच्याकडे आहेत, त्यामुळे वाद झालाच तर दाद मागायला ते जातील, तुम्ही नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्कही नाही. तेव्हा तुमचा मेसेज असा हवा की उद्या तिसऱ्या माणसाने वाचला तर त्यालाही तो रास्त वाटेल.

मी असा लिहिला असता :

"नमस्कार सर. आईंच्या सेशनच्या हिशोबाबद्दल लिहिते आहे.

आपण १२ सेशनची फी भरली आहे. त्यातली ६ सेशन झाली. ५ वेळा सेशन ठरलेल्या दिवशीच, वेळेच्या थोडं आधी रद्द झालं. सुरुवातीला पाठवलेला नियम असा होता : 'सेशन किमान १२ तास आधी रद्द करावं. त्यानंतर रद्द केल्यास त्या सेशनची पूर्ण फी धरली जाईल.' आपण तो मान्य केला होता.

पहिल्या चार वेळची फी मी धरलेली नाही आणि धरणार नाही. गेल्या मंगळवारी मात्र आपला मेसेज ४.५० ला आला, तेव्हा मी गेटवर होते आणि ती वेळ दुसऱ्या पेशंटला देता आली नाही. ते एक सेशन मी नियमाप्रमाणे धरलं आहे. त्यामुळे आता ५ सेशन शिल्लक आहेत.

यापुढे हा नियम प्रत्येक वेळी लागू राहील. आईंना ताप आला, दुखणं वाढलं किंवा दवाखान्यात जावं लागलं तर तो लागू नाही, तेव्हा फक्त लगेच कळवा. ती वेळ दुसऱ्या पेशंटला देता आली तरीही फी धरणार नाही.

संध्याकाळी पाचची वेळ आपल्याला अडचणीची होत असेल तर सकाळी साडेनऊची वेळ देता येईल. आईंचा गुडघा आता चांगला वाकायला लागला आहे, मध्ये खंड पडू नये असं मला मनापासून वाटतं. गुरुवारचं सेशन ठरल्याप्रमाणे आहे ना, हे बुधवारी सकाळपर्यंत कळवाल का?"

यात 'दंड' हा शब्द मुद्दाम नाही, आणि तुमच्या नियमातही तो कधी घालू नका. दंड म्हटलं की शिक्षा आली, आणि कलम ७४ शिक्षेला नाही, भरपाईला मान देतं. 'कायदेशीर कारवाई' हे शब्दही नाहीत. एका ब्युटिशियनचं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. तिचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. पण रात्री अकराला रागाच्या भरात "दंड भरा, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर नाव टाकीन" असं लिहून बसली. त्यानंतर रद्द झालेल्या अपॉइंटमेंटबद्दल कुणी बोलेना, सगळी चर्चा त्या एका ओळीवर. शेवटी तिलाच माफी मागावी लागली. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

मेसेज मुलालाच पाठवा. बोलणी त्याने केली, पैसे त्याने भरले, करार त्याच्याशी आहे. घरच्या ग्रुपवर टाकू नका आणि आजींजवळ विषय काढू नका. सकाळच्या वेळी पाठवा आणि पुढच्या सेशनच्या किमान दोन दिवस आधी पाठवा.

उत्तर आलं नाही तर? नियम जुनाच आहे, म्हणून नव्याने होकार लागत नाही. आजारपणाची सूट तुम्ही नव्याने देताय, ती त्यांच्या फायद्याची आहे. पण १२ तासांचे २४ करायचे असतील तर तो बदल त्यांच्या स्पष्ट होकाराशिवाय या पॅकेजला लागू होणार नाही. तो पुढच्या पॅकेजच्या वेळी, पैसे घेण्याआधी कळवा.

सहाव्यांदा तसंच झालं तर "काही हरकत नाही" लिहू नका, आणि नुसतं "ओके" सुद्धा नको. त्याच दिवशी दोन ओळी : "आजचं सेशन ४.४० ला रद्द झाल्याचं कळलं. नियमाप्रमाणे ते धरलं आहे, आता ४ शिल्लक." महिन्याच्या शेवटी एकदम हिशोब काढण्यापेक्षा त्या दिवशीची ही नोंद फार मोलाची असते.

आणि ते म्हणाले की आता नकोच, तर शिल्लक पाच सेशनचे ४,५०० रुपये अडवून ठेवू नका. तुमच्या नियमात ऐनवेळी रद्द केलेल्या सेशनपुरतीच फी धरायची सोय आहे, न झालेल्या पुढच्या सेशनचे पैसे ठेवून घ्यायचा हक्क त्यातून मिळत नाही. परताव्याची मुदत ठरलेली नसेल तर सदोष सेवेचे पैसे ३० दिवसांत परत न देणं ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. तुमची सेवा सदोष नव्हती, तरीही तुम्ही आठवड्याभरात परत करा. सोबत आजींनी घरी करायचे व्यायाम, गुडघा कितपत वाकतो त्याची शेवटची नोंद आणि पुढच्या फिजिओथेरपिस्टसाठी चार ओळी लिहून द्या. उपचार अर्धवट सोडल्याचा ठपका मग तुमच्यावर येणार नाही.