आधी फोटो सरळ करा, पुसापुशी नंतर

प्रश्न: तळ्याकाठचा घरच्यांचा फोटो आहे. तिरका आलाय, चेहरे काळे पडलेत, उजव्या कडेला एक अनोळखी माणूस अर्धा आलाय, पुढे कुणाची तरी पिशवी आहे. आजोबांच्या डोक्यामागे विजेचा खांब आहे, तो पुसायला गेलो तर आजोबांचे केसच गेले. गॅलरीतच हे नीट जमेल का?

उत्तर: जमेल, पण खांबाला आत्ताच हात लावू नका. आधी फोटो सरळ करा आणि कापा, मग जे उरेल ते पुसा, आणि उजेड शेवटी. या क्रमाने गेलात तर निम्मं पुसणं वाचतं.

सरळ करताना पलीकडचा काठ आडवा करायचा मोह होईल. तो काठ तुमच्यापासून तिरका लांब जात असेल तर फोटोतही तिरकाच दिसला पाहिजे. पाण्याचा खरा भरवसा प्रतिबिंबावर. झाड आणि त्याचं प्रतिबिंब एकाखाली एक, उभ्या रेषेत आलं की फोटो सरळ झाला. प्रतिबिंब नसेल तर फोटोच्या मध्याजवळची एखादी उभी वस्तू धरा. कडेच्या वस्तू फोन वर किंवा खाली झुकवल्यामुळेही कलतात, त्यांच्यावर जाऊ नका. तुमचा खांब डोक्यामागे, म्हणजे बहुधा मध्याजवळच असेल. पुसायच्या आधी त्याचा एवढा उपयोग करून घ्या.

फोटो फिरवला की रिकामे कोपरे लपवायला ॲप चारी बाजूंनी थोडं कापतं. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो ३ अंश फिरवून लांबी-रुंदीचं प्रमाण तेच ठेवलं तर साधारण ३७४० बाय २८१० उरतो, म्हणजे क्षेत्रफळाचा आठवा हिस्सा गेला. म्हणून सरळ करणं आधी आणि कापणं नंतर. आता उजवी कड आत घ्या, तो अनोळखी माणूस तिथेच जाईल. अर्धा माणूस पुसण्यापेक्षा कापणं केव्हाही बरं, कारण कडेला पुसताना ॲपला एकाच बाजूचा नमुना मिळतो. खालून कापताना मात्र कुणाचे पाय घोट्यात तोडू नका. जागा कमी पडली तर मांडीपर्यंत या.

आता पुसणं. वस्तू काढणारं साधन मागचं दृश्य शोधून आणत नाही, ते त्याला मिळूच शकत नाही. आजूबाजूचं बघून ते जागा भरतं. आकाश, पाणी, वाळू, गवत छान जमतं. कुंपण, फरशी, पायऱ्या, हात आणि केस बिघडतात. पिशवी सोपी आहे, फक्त तिची सावलीही निवडा. नाहीतर सावली उरते आणि वस्तू नसते, आणि बघणाऱ्याला नेमकं तेच खटकतं.

खांब तुकड्यांत काढा. आधी आकाशातला वरचा भाग, केसांपासून बोटभर अंतर ठेवून. मग फोटो पुरता मोठा करा, म्हणजे बोटाखालचा ब्रश केसांच्या मानाने बारीक पडेल, आणि उरलेला भाग वरून खाली छोट्या फटकाऱ्यांनी पुसा. प्रत्येक फटकाऱ्यानंतर बघा, केस गेले तर लगेच मागे या. शेवटचा अगदी बारीक भाग केसांत अडकला तर राहू द्या. काळ्या केसांत काळा ठिपका कुणाला दिसत नाही, पण टक्कल पडलेलं लगेच दिसतं! खांब डोंगराची रेघ ओलांडत असेल तर तिथे रेघ तुटली का तेही पाहा.

उजेडासाठी ब्राइटनेस वाढवू नका, चेहऱ्यांबरोबर आकाशही पांढरं होईल. शॅडोज ३० ते ४० पर्यंत न्या (पट्टी शंभरची धरून) आणि हायलाइट्स थोडे खाली घ्या. हायलाइट्स उतरवल्यावर ढग दिसू लागले तर ठीक. आकाश नुसतं करडं झालं, तर तिथे काही टिपलंच गेलं नव्हतं. पट्टी परत वर घ्या. शॅडोज फार ताणले की काळ्या कपड्यांत रंगीत दाणे येतात आणि डोक्याभोवती उजळ कडा उमटते. ती कडा दिसली की थोडं मागे या. चेहरे किंचित सावलीत राहिले तरी चालतं, माणसं पाण्याकडे पाठ करून उभी आहेत हे डोळ्याला माहीत असतं.

उजेड वाढला की पुसलेले डाग उघडे पडतात, म्हणून पिशवीची जागा पुन्हा मोठी करून बघा. सारखेच दोन दगड शेजारी दिसले किंवा वाळू तिथे गुळगुळीत वाटली, तर ती जागा लहान लहान भागांत पुन्हा पुसा.

सेव्ह करताना कॉपी म्हणून करा. काही ॲप मूळ फोटो परत देतात, काही देत नाहीत. आणि हा फोटो मेसेजमधून आलेला असेल तर आधी ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवा. दाबून लहान केलेल्या फोटोत केसांच्या कडेला आधीच चौकोन पडलेले असतात, आणि पुसणारं साधन तेच चौकोन पुढे पसरवतं.